चाळिसांच्या वर्गाचे आठ गट

वर्गात प्रकल्पाचे गट पाडायच्या तीन पद्धती बहुतेक शाळांत चालतात. पहिली हजेरी क्रमांकाची: एक ते पाच पहिला गट, सहा ते दहा दुसरा. दुसरी चिठ्ठ्यांची. तिसरी सगळ्यांत सोपी: ‘तुम्हीच गट करा आणि नावं आणून द्या.’ तिन्ही पद्धतींत शिक्षकांचे कष्ट वाचतात आणि तिन्ही पद्धतींत ठरावीक मुलांचं नुकसान होतं. हजेरी क्रमांकाने पाडलेले गट वर्षानुवर्षं तेच राहतात, कारण आडनावांचा क्रम बदलत नाही. मुलांवर सोडलं तर पाच-सात गट दोन मिनिटांत जमतात आणि शेवटी कुणीच न घेतलेली चार-पाच मुलं भिंतीशी उभी राहतात. त्यांचा मग एक गट होतो आणि तो कशाचा गट आहे हे साऱ्या वर्गाला कळतं.

चिठ्ठ्या न्याय्य वाटतात, म्हणून त्यांचा हिशेब करून पाहू. चाळीस मुलांपैकी प्रत्येकाने आपल्या आवडीच्या तीन सोबत्यांची नावं लिहिली आहेत आणि पाच-पाचांचे आठ गट चिठ्ठ्या टाकून पाडले आहेत. आपल्या तिघांपैकी निदान एक जण गटात येण्याची शक्यता जेमतेम २८ टक्के निघते. म्हणजे वर्गातल्या साधारण अकरा मुलांना ओळखीचा आधार मिळेल आणि उरलेली एकोणतीस मुलं तीनही मित्रांशिवाय बसतील. बोलक्या मुलाला याने फारसा फरक पडत नाही. तो पहिल्या तासात नवी ओळख करून घेतो. न बोलणाऱ्या मुलाचा मात्र प्रकल्प तिथेच संपतो.

दुसऱ्या टोकाला, सगळे पर्याय तपासून सर्वांत चांगली वाटणी शोधू म्हटलं तर तेही अशक्य आहे. चाळीस जणांचे पाच-पाचांचे आठ गट जितक्या प्रकारे पडतात ती संख्या ४७ वर २५ शून्यं इतकी मोठी आहे. त्यामुळे सर्वोत्तम वाटणीच्या मागे न लागता, जिच्यात कुणी एकटं पडलेलं नाही आणि कुठलाही गट फार जड किंवा फार हलका नाही, अशी वाटणी तासाभरात कशी करायची हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी चाळीस कार्डं, एक मोठं टेबल आणि योग्य क्रम पुरतो.

उदाहरण म्हणून नागपुरातल्या एका मराठी शाळेतला आठवीचा वर्ग कल्पू. २२ मुलगे, १८ मुली. प्रकल्पाचा विषय ‘आपल्या शहरातले तलाव’. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव, गोरेवाडा, नाईक तलाव आणि लेंडी तलाव असे आठ तलाव, म्हणून आठ गट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे या मुलांना आठवतं. घरोघरी विचारायला, नकाशा काढायला, आकडे मांडायला भरपूर वाव असलेला हा विषय आहे. गटांना तलावांची नावं दिल्याचा आणखी एक फायदा आहे. ‘अ’, ‘ब’, ‘क’ म्हटलं की मुलं त्यात वरचा आणि खालचा शोधतात, सक्करदरा आणि सोनेगाव यांत तसं काही सापडत नाही.

गट पाचांचा का? चौघांचा गट बोलायला अधिक सोपा असतो, पण चाळिसांचे दहा गट होतात आणि पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात शिक्षक प्रत्येकापाशी धड चार मिनिटंही थांबू शकत नाही. शिवाय एक जण गैरहजर राहिला की तिघंच उरतात. सहांच्या गटात दोघं-तिघं हमखास नुसती बसून राहतात. पाच ही तडजोड आहे, चाळिसांच्या वर्गाला पेलणारी.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. म्हणून गट पाडायची घाई जुलैत करू नये. पहिली चाचणी होऊ द्यावी, मुलं ओळखीची होऊ द्यावीत आणि मग तीन गोष्टी गोळा कराव्यात.

पहिली गोष्ट कुवतीची यादी. एक ते चाळीस असा क्रम लावायचा, पण तो या प्रकल्पाला लागणाऱ्या गोष्टींचा: वाचून समजणं, मांडणी, आकडे, चौकसपणा. वार्षिक टक्केवारी जशीच्या तशी उचलली तर लेखी परीक्षेत मागे पण हाताने नकाशा सुरेख काढणारा मुलगा उगाच तळाला जातो. ही यादी शिक्षकाच्या वहीबाहेर कधीच जाऊ नये.

दुसरी गोष्ट मैत्रीची चिठ्ठी. प्रत्येकाला एवढंच विचारायचं, ‘या प्रकल्पात कुणाकुणाबरोबर काम करायला आवडेल? तीन नावं लिहा.’ ही पद्धत जुनी आहे. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांमध्ये आणि मुलींच्या एका निवासी संस्थेत अशी निवड विचारून तिचे नकाशे काढले. प्रत्येक मूल म्हणजे एक बिंदू आणि प्रत्येक निवड म्हणजे एक बाण. ज्याच्याकडे पुष्कळ बाण येतात तो तारा, ज्याच्याकडे एकही येत नाही तो एकाकी. १९३४ च्या त्यांच्या ग्रंथाने हे तंत्र जगभर नेलं. मोरेनो नकोशी नावंही विचारत. वर्गात ते लेखी विचारू नये. त्या चिठ्ठीची चर्चा मधल्या सुटीत होते आणि नकोसं मूल आणखी नकोसं होतं. ‘कुणाबरोबर अजिबात जमणार नसेल तर मला एकट्याने येऊन सांगा’ एवढं तोंडी म्हटलं की पुरतं.

तिसरी गोष्ट शांत मुलांची, आणि ही सर्वांत चुकते, कारण ‘शांत’ या एका शिक्क्याखाली तीन-चार वेगवेगळी मुलं असतात. एखादी मुलगी मुळात कमी बोलते, पण मैत्रिणीजवळ व्यवस्थित बोलते. एखाद्याला विषय कळत नाही म्हणून तो गप्प असतो. एखादा छिंदवाडा किंवा बालाघाटकडून नुकताच आलेला असतो, घरी हिंदी बोलतो आणि मराठी चुकेल या भीतीने तोंड उघडत नाही. एखाद्याला मागच्या बाकावर नीट ऐकूच येत नाही. पहिलीला मैत्रीण हवी, दुसऱ्याला समजावून सांगणारं कुणी हवं, तिसऱ्याला हिंदीत बोलू देणारा गट हवा आणि चौथ्याला आधी कानाची तपासणी हवी. म्हणून कार्डावर नुसती ‘शांत’ अशी खूण न करता का शांत, तेही दोन शब्दांत लिहावं.

आता कार्डं मांडायची. प्रत्येक कार्डावर क्रम, मुलगा की मुलगी, तीन पसंतीची नावं, शांत असल्यास खूण व कारण आणि घर कुठल्या भागात, एवढंच. आठ उभे रकाने आणि पाच आडव्या ओळी. पहिल्या ओळीत क्रम १ ते ८ डावीकडून उजवीकडे, दुसरीत ९ ते १६ उजवीकडून डावीकडे, तिसरी पुन्हा डावीकडून, अशी नागमोडी मांडणी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट स्लाव्हिन यांनी सहकारी अध्ययनाच्या आपल्या पद्धतीत हाच मार्ग शिक्षकांना सांगितला होता.

वळण घेण्याने काय साधतं ते आकड्यांत दिसतं. प्रत्येक ओळ डावीकडूनच मांडली तर पहिल्या रकान्यात १, ९, १७, २५, ३३ येतात. त्यांची बेरीज ८५. आठव्यात ८, १६, २४, ३२, ४० आणि बेरीज १२०. म्हणजे पहिला गट प्रत्येक ओळीत सरस. नागमोडी मांडणीत पहिल्या रकान्यात १, १६, १७, ३२, ३३ येतात आणि बेरीज ९९ होते. आठव्यात ८, ९, २४, २५, ४० आणि बेरीज १०६. पस्तीसचा फरक सातवर आला. ओळी विषम असल्याने हा सातचा फरक उरतोच, पण तो क्षुल्लक आहे. शिक्षकाने लावलेला क्रमच मुळात इतका अचूक नसतो.

इथे बरेच जण थांबतात. खरं काम इथून सुरू होतं, कारण या मांडणीला मैत्री माहीत नाही. मैत्रीच्या दृष्टीने ती चिठ्ठ्यांइतकीच आंधळी आहे. आता अदलाबदल करायची आणि तिचा एकच नियम: कार्ड त्याच ओळीत डावी-उजवीकडे सरकवायचं. ओळ म्हणजे साधारण सारखी कुवत, त्यामुळे ओळीतल्या ओळीत बदल केला तर गटांचा समतोल जवळपास तसाच राहतो.

आधी मुलगे-मुली. प्रत्येक गटात मुली सारख्या वाटायचा मोह आवरावा आणि एकटी मुलगी किंवा एकटा मुलगा कुठे राहत नाही ना, हे पाहावं. कॅलिफोर्नियातल्या शिक्षणसंशोधक नोरीन वेब यांनी १९८० च्या दशकात गणिताच्या वर्गांत असे छोटे गट बारकाईने तपासले. जिथे मुलगे जास्त होते तिथे मुलींच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष होत होतं आणि जिथे मुलींत एकच मुलगा होता तिथे मुली आपले प्रश्न त्यालाच विचारत होत्या. संख्या बरोबरीची असेल तिथे शिकण्यात फरक दिसला नाही. आपल्या वर्गात १८ मुली आहेत. सहा गटांत दोन-दोन आणि दोन गटांत तीन-तीन अशी वाटणी बसते. ही वाटणी एकदा बसली की पुढच्या अदलाबदली मुलीच्या जागी मुलगी, मुलग्याच्या जागी मुलगा अशाच करायच्या.

त्यानंतर, इतर कुणाच्याही आधी, शांत मुलं. नेहमी क्रम उलटा असतो: हुशार मुलांची वाटणी आधी, मग चौकड्या फोडणं, आणि शांत मुलं उरलेल्या जागी. ती कुठेही बसवली तरी तक्रार करत नाहीत, हे त्याचं कारण. पण ज्याच्यासाठी योग्य जागा सर्वांत कमी आहेत त्याला आधी बसवावं लागतं. बोलका मुलगा आठपैकी सात गटांत खपतो, बुजरी मुलगी दोन किंवा तीन गटांतच काम करू शकते. तिला शेवटी ठेवलं तर त्या जागा गेलेल्या असतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे शांत मुलं प्रत्येक गटात एक-एक अशी पसरून टाकणं. कागदावर ते समतोल दिसतं. प्रत्यक्षात चार बोलक्यांत एक गप्प, असे आठ गट तयार होतात. नियम असा हवा: एका गटात शांत मुलं दोनपर्यंत चालतील, पण प्रत्येक शांत मुलाला त्याने लिहिलेल्या तीन नावांपैकी निदान एक मिळालंच पाहिजे. बाकीच्यांच्या बाबतीत ही सोय जमली तर जमली. शांत मुलाच्या बाबतीत ती अट आहे.

आपल्या वर्गात क्रम २९ ची मुलगी शांत आहे. ती चौथ्या रकान्यात पडली, पण तिने नाव लिहिलंय क्रम १४ च्या मुलीचं, जी तिसऱ्यात आहे. तिसऱ्यात त्याच ओळीवर क्रम ३० ची मुलगी आहे आणि तिने लिहिलंय १३ चं नाव, जी चौथ्यात आहे. २९ आणि ३० ची अदलाबदल केली की दोघींना मैत्रीण मिळाली आणि गटांच्या बेरजेत फरक पडला एकाचा. असे दुहेरी फायद्याचे बदल आधी शोधावेत. ते अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात.

क्रम ३७ चा मुलगा नवा, घरी हिंदी बोलणारा. त्याने एकही नाव लिहिलेलं नाही आणि त्याचंही कुणी लिहिलेलं नाही. इथे चिठ्ठी मदत करत नाही, शिक्षकाचे डोळे करतात. क्रम २० चा मुलगा डबा खाताना त्याच्याशी हिंदीत बोलताना दिसतो आणि तो चौथ्या रकान्यात आहे. म्हणून पाचव्यातला ३७ आणि चौथ्यातला ३६ यांची जागा बदलली. चौथा गट आता ४, १३, २०, ३०, ३७ असा झाला. ज्याला कुणीच निवडलेलं नाही त्याला वर्गातल्या लाडक्या ताऱ्याशेजारी बसवून उपयोग होत नाही, कारण ताऱ्याभोवती आधीच गर्दी असते. एक-दोघांचाच आवडता असलेला, ऐकून घेणारा सोबती त्याला जास्त उपयोगी पडतो.

मग चौकडी. १०, १२, १९ आणि २२ या चार मुलग्यांनी एकमेकांचीच नावं लिहिली आहेत. चौघांना एका गटात ठेवलं तर पाचवा नुसता पाहुणा होतो. चौघांना चार गटांत टाकलं तर तासभर ते एकमेकांच्या टेबलाशी फिरत राहतात. दोन-दोन अशी जोडी सर्वांत बरी. १० सातव्या रकान्यात आहे. सहाव्यातला २२ आणि सातव्यातला २३ बदलले की १० व २२ एकत्र आले. तिसऱ्यातला १९ आणि पाचव्यातला २१ बदलले की १२ व १९ पाचव्यात आले. चारही अदलाबदली झाल्यावर आठ गटांच्या बेरजा ९९, १००, १०२, १०४, १००, १०५, १०४ आणि १०६ अशा येतात. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या गटातला फरक पूर्वीइतकाच, सात. मैत्रीसाठी समतोलाची किंमत मोजावी लागली नाही.

पण एक अडचण येईलच. मैत्री बहुधा सारख्या कुवतीच्या मुलांत होते, म्हणजे मित्र एकाच ओळीत सापडतात आणि एका रकान्यात त्या ओळीचं एकच कार्ड बसतं. अशा वेळी मधल्या तीन ओळी, म्हणजे क्रम ९ ते ३२, एकच पट्टा समजाव्यात आणि प्रत्येक रकान्याला त्यातली कुठलीही तीन कार्डं द्यावीत. पहिली आणि शेवटची ओळ मात्र मोडू नये. तरीही चाळीसच्या चाळीस जणांना पसंतीचं नाव मिळेलच असं नाही. ज्यांना मिळालं नाही त्यांची यादी ठेवावी आणि पुढच्या प्रकल्पात त्यांना आधी बसवावं.

शेवटी टेबलावर एकदा लांबून नजर टाकायची. घरं कुठे आहेत ते पाहायचं: वाडीचा एक, कामठीचा एक आणि महालातले तिघं अशा गटाला शाळेबाहेर भेटणं अवघड, त्यांचं काम शाळेतच संपेल असं आखावं लागेल. आरटीईतून प्रवेश मिळालेली मुलं नकळत एका रकान्यात गोळा झालीत का, एकाच मोहल्ल्यातली सगळी एकीकडे आलीत का, तेही पाहायचं. आरटीईसारखी गोष्ट कार्डावर लिहायची नाही, पण डोळ्यांआड करायचीही नाही.

गट पडले तरी कामाची वाटणी चुकली तर सगळं वाया जातं. हुशार मुलगा सगळं करतो, अक्षर चांगलं म्हणून मुली लिहीत बसतात, शांत मुलाला चित्रं चिकटवायला मिळतात. यावर टिकलेला उपाय टेक्सासमधल्या ऑस्टिनचा आहे. १९७१ मध्ये तिथल्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एकत्र आली आणि वर्गांत तणाव वाढला. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. तो गटात त्याच्याखेरीज कुणालाच माहीत नसे, त्यामुळे इतरांना त्याचं ऐकावंच लागे. ही पद्धत पुढे जिगसॉ म्हणून ओळखली गेली. तलावाच्या प्रकल्पात असे पाच तुकडे सहज पडतात: तलावाचा इतिहास, त्याचा नकाशा, पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, काठावरच्या लोकांच्या मुलाखती, आजच्या अडचणी. प्रत्येकाचा तुकडा वेगळा आणि अंतिम मांडणीत तो त्यानेच सांगायचा. सगळ्या वर्गासमोर बोलणं जमणार नसेल तर आपल्या गटासमोर.

वाटणी फसली आहे हे ओळखायला दुसऱ्या तासाला प्रत्येक गटापाशी तीन-चार मिनिटं न बोलता उभं राहावं. पेन कुणाच्या हातात आहे, नकाशा कुणाकडे तोंड करून ठेवला आहे आणि कुणी काही विचारलं तर त्याला उत्तर मिळतं का, एवढंच पाहावं. वेब यांच्या निरीक्षणांत हीच खूण सर्वांत बोलकी ठरली होती: गटात प्रश्न विचारून ज्यांना उत्तर मिळालं नाही, किंवा कारण न सांगता नुसतं उत्तर सांगितलं गेलं, ती मुलं मागे पडली. वेब यांना आणखी एक गोष्ट दिसली. वरची आणि खालची कुवत एकत्र आली की त्या दोघांत शिकवणं-शिकणं सुरू होतं आणि मधली मुलं बाजूला पडतात. म्हणून फक्त पहिला आणि चाळिसावा पाहू नका, सोळावा आणि सतरावाही पाहा.

पहिल्याच दिवशी ‘आम्हाला गट बदलून द्या’ अशी मागणी येईलच. ती आठवडाभर लांबणीवर टाकावी. बहुतेक तक्रारी तेवढ्यात विरतात. आठवड्यानंतरही कुणी एकटं पडलेलं दिसलं, तर त्या एकट्यालाच न हलवता त्याच ओळीतल्या दुसऱ्या कुणाशी त्याची अदलाबदल करावी, म्हणजे कुणाला काढून टाकलं असं दिसत नाही.

हे गट एका प्रकल्पापुरतेच ठेवा. क्रम जुने होतात, मैत्री तुटते आणि जुळते, नवा मुलगा तीन महिन्यांत मराठीत भांडायला लागतो. दुसऱ्या सत्रात नव्या चिठ्ठ्या घ्या, नवी कार्डं लिहा आणि पुन्हा मांडा. वेळ कमी असेल आणि यातली एकच गोष्ट करता येणार असेल, तर नागमोडी मांडणीही सोडून द्या. फक्त शांत मुलांची कार्डं वेगळी काढा आणि त्यांना सर्वांत आधी, प्रत्येकी एका ओळखीच्या सोबत्यासह बसवा. बाकीचा वर्ग आपली जागा शोधून घेतो.